पाणी गेले की पांढरे? दिवस भरत आल्यावर अंगावरून जाणारा स्राव ओळखण्याची रीत

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण झाले की कपड्यावर दिसणारा प्रत्येक ओला डाग घरात चर्चेचा विषय होतो. सासूबाई म्हणतात, पाणमोट फुटली असेल. मोठी जाऊ म्हणते, नवव्या महिन्यात एवढे पांढरे जातेच. आणि जिच्या अंगावरून गेले तिला रात्री अडीच वाजता दवाखाना गाठावा की सकाळची वाट पाहावी, हे कळत नाही. या दिवसांत अंगावरून जाणाऱ्या गोष्टी मुख्यतः पाच असतात: नेहमीचा पांढरा स्राव, गर्भाशयमुखाशी साठलेला घट्ट चिकट स्राव म्हणजेच म्यूकस प्लग, त्याच चिकट स्रावात मिसळलेले थोडे रक्त ज्याला प्रसूतिगृहात ‘शो’ म्हणतात, गर्भजल, आणि नकळत झालेली लघवी. यांपैकी पांढरा स्राव, म्यूकस प्लग आणि लघवी यांसाठी धावपळ करावी लागत नाही, शोसाठी बहुतेक वेळा फक्त सावध राहावे लागते, आणि गर्भजल मात्र थेंबथेंब गेले तरी त्याच दिवशी, किंबहुना त्याच वेळी, दवाखान्यात दाखवावे लागते. म्हणून या लेखाचा अधिक भाग पाणी ओळखण्यावर खर्च केला आहे. चूक तिथेच होते आणि तिथेच ती महागात पडते.

एक अट आधीच स्पष्ट करतो. पुढे सांगितलेली ‘घरी थांबून पाहण्याची’ मुभा ३७ आठवडे पूर्ण झालेल्या, बाळ डोक्याकडून खाली असलेल्या आणि डॉक्टरांनी कोणताही विशेष धोका न सांगितलेल्या स्त्रीसाठी आहे. ३७ आठवड्यांआधी चिकट गोळा पडला, रक्ताचा डाग दिसला, पाणी गेल्यासारखे वाटले किंवा पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागले, तर घरी कसलीही परीक्षा न करता लगेच जावे, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला जी इंजेक्शने देतात ती बाळंतपणाच्या आधी काही तास दिलेली असावी लागतात. सोनोग्राफीत वार खाली असल्याचे सांगितले असेल, बाळ पायाळू किंवा आडवे असेल, जुळे असेल किंवा आधीचे सिझेरियन असेल, तरीही घरी वाट पाहू नये.

नेहमीचा पांढरा स्राव कसा असतो

शेवटच्या महिन्यात पांढरे जाण्याचे प्रमाण वाढते, कारण योनिमार्गाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि गर्भाशयमुखाच्या ग्रंथी अधिक स्राव तयार करत असतात. हा स्राव पातळ, दुधाळ किंवा किंचित पिवळसर असतो, त्याला सौम्य वास असतो किंवा वास नसतो, आणि तो कपड्यावर वाळला की कडक डाग उरतो. दिवसभरात कपडा एकदोनदा बदलावा लागेल इतका तो असू शकतो, पण तो वाहत नाही. खाज, आग आणि घट्ट कणीदार पांढरा स्राव असेल तर बुरशीचा संसर्ग, आणि करडा पातळ स्राव व मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो. यांवर गरोदरपणात चालणारे औषध असते, म्हणून दुसऱ्या दिवशी दाखवावे. घरातले जुने मलम लावू नये आणि योनिमार्ग आतून धुऊ नये, कारण धुण्याने संसर्ग वाढतो आणि तपासणीत दिसायला हवे ते निघून जाते.

म्यूकस प्लग आणि शो

गरोदरपणात गर्भाशयमुखाच्या नळीत घट्ट, चिकट स्राव भरून राहतो आणि खालून वर जाणाऱ्या जंतूंना तो अडवतो. दिवस भरत आले की गर्भाशयमुख मऊ आणि आखूड होऊ लागते, आणि हा स्राव सुटतो. बायका ‘शेंबडासारखे काहीतरी पडले’ असे सांगतात आणि ते वर्णन अगदी नेमके आहे: तो लांबतो, बोटाला चिकटतो आणि कपड्यात मुरत नाही, वरच राहतो. तो पारदर्शक, पांढुरका, पिवळसर किंवा तपकिरी छटेचा असतो. सगळा मिळून साधारण एकदोन मोठे चमचे भरेल इतका असतो, पण तो एकदम पडेलच असे नाही. कित्येकींचा तो तुकड्यातुकड्यांनी जातो आणि कित्येकींच्या लक्षातही येत नाही.

तो पडल्यावर कळा कधी सुरू होतील, हे त्यावरून सांगता येत नाही. कधी काही तासांत सुरू होतात, कधी दोन आठवडेही जातात, विशेषतः पहिलटकरणीच्या बाबतीत. म्हणून नुसता चिकट गोळा पडला, त्यात रक्त नाही, पाणी नाही, कळा नाहीत आणि बाळ नेहमीसारखे हलते आहे, तर दवाखान्यात जाण्याची गरज नसते. गोळा पडलेली तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, पुढच्या तपासणीला सांगावी, आणि रोजची कामे सुरू ठेवावीत.

शो म्हणजे याच चिकट स्रावात गुलाबी, लाल किंवा तपकिरी रेषा दिसणे. गर्भाशयमुख उघडू लागताना तिथल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि ते थोडेसे रक्त स्रावात मिसळते. प्लगच्या मानाने शो प्रसूती जवळ आल्याचे अधिक विश्वासाचे चिन्ह आहे. बहुतेकींना त्यानंतर काही तासांत ते दोनतीन दिवसांत कळा सुरू होतात. मात्र डॉक्टरांनी आतून तपासणी केली असेल किंवा शरीरसंबंध आला असेल, तर पुढच्या एकदोन दिवसांत तपकिरी किंवा गुलाबी डाग दिसणे साहजिक आहे आणि त्याला शो समजू नये.

शो आणि रक्तस्राव यांतला फरक प्रमाणात आणि पोतात आहे. शोमधले रक्त चिकट स्रावात अडकलेले असते आणि एकूण प्रमाण चमचा-दोन चमच्यांच्या आत राहते. रक्त पातळ असेल, ठिपकत किंवा वाहत असेल, पॅड भिजू लागले असेल, गाठी पडत असतील, तर तो शो नव्हे. रक्त जाते आहे आणि पोट दगडासारखे कडक होऊन सैल पडत नाही, सतत दुखते, तर वार वेळेआधी सुटत असल्याची शंका घ्यावी. आणि पोट अजिबात न दुखता लाल रक्त जात असेल तर वार खाली असल्याची शंका घ्यावी. दुसऱ्या प्रकारात वेदना नसल्याने घरचे ‘दुखत नाही ना, मग थांबू’ असे म्हणतात, आणि हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. दोन्हींत पॅड पूर्ण भिजण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, काही खाऊ-पिऊ नये, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते पोहोचताच सांगावे.

पाणी: घरी तपासण्याची पद्धत

पूर्ण दिवसांच्या १०० गरोदर स्त्रियांपैकी साधारण ८ जणींची पाणमोट कळा सुरू होण्याआधी फुटते. बाकीच्यांची कळा सुरू झाल्यावर फुटते. एकदम बादलीभर पाणी सांडल्यासारखे होणे हा त्यातला फक्त एक प्रकार आहे. बाळाचे डोके खाली बसलेले असेल तर ते वाट अडवते आणि पाणी थोडेथोडे झिरपते. पडद्याला भोक वरच्या बाजूला पडले असेल तर कूस बदलताना किंवा उठताना तेवढे येते आणि मग तासभर काहीच येत नाही. अशा वेळी लघवी झाली असावी असे समजून दिवस काढला जातो.

पाणी आहे की नाही याची शंका आली तर पुढील क्रम पाळावा. आधी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारला जातो आणि पुढचे बरेचसे निर्णय त्यावर अवलंबून असतात. मग लघवीला जाऊन मूत्राशय पूर्ण रिकामे करावे, पुढून मागे पुसून भाग कोरडा करावा आणि कोरडी, स्वच्छ पांढरी सुती घडी ठेवावी. जेल असलेले सॅनिटरी पॅड इथे सोयीचे नाही, कारण ते ओल आत शोषून घेते, वर कोरडे लागते आणि रंगही नीट दिसत नाही. गडद परकरावरचा डाग पाहून रंग ठरवू नये, आणि पिवळ्या दिव्याखाली तर नाहीच. पांढऱ्या उजेडात पाहावे.

घडी ठेवून अर्धा तास डाव्या कुशीवर पडावे. त्या वेळात योनिमार्गात पाणी साठते. मग हळूच उठून उभे राहावे आणि दोनतीनदा खोकावे. उभे राहताच कोमट पाणी ओघळले, किंवा घडी पातळ ओलीने भिजून डाग पसरला, तर ते पाणी आहे असे धरून चालावे. घडीवर चिकट, वर बसलेला, न पसरणारा डाग असेल तर तो पांढरा स्राव किंवा प्लग. घडी पिवळसर आणि लघवीच्या उग्र वासाची असेल तर लघवी. लघवी बहुधा खोकताना, शिंकताना किंवा बाळाने लाथ मारल्यावर एकदाच येते आणि ओटीपोटाचे स्नायू आवळले की थांबते; गर्भजल आवळून धरता येत नाही. गर्भजल स्वच्छ किंवा फिकट गवती रंगाचे असते, त्याला वास नसतो किंवा किंचित गोडसर असतो, आणि त्यात कधी पांढरे कण दिसतात, जे बाळाच्या त्वचेवरच्या लेपाचे असतात.

ही पद्धत उपयोगी असली तरी तिची मर्यादा लक्षात ठेवावी. घडी ओली झाली तर जायचेच आहे, पण कोरडी राहिली म्हणून पाणी गेले नाही असे सिद्ध होत नाही, कारण वरच्या बाजूचे भोक काही तास बंद राहू शकते. शंका उरली, किंवा दिवसभरात पुन्हापुन्हा कपडा ओला झाला, तर दाखवावे. बोट आत घालून पाहू नये. दुकानातून लिटमस कागद आणून घरी परीक्षा करण्यातही अर्थ नाही, कारण रक्त, वीर्य, साबण आणि काही संसर्ग यांनीही कागदाचा रंग गर्भजलासारखाच बदलतो.

पाणी असल्यास काय करावे, काय करू नये

पाणी स्वच्छ आहे, कळा नाहीत, बाळ हलते आहे, तरी निघावे. फक्त घाबरून पळापळ करण्याचे कारण नाही. पाणमोट फुटल्यावर बाळ आणि बाहेरचे जंतू यांच्यामधला पडदा राहत नाही आणि जसजसे तास जातात तसतसा संसर्गाचा धोका वाढतो. पूर्ण दिवसांच्या अशा स्त्रियांपैकी साधारण ६० टक्क्यांना २४ तासांत आपोआप कळा सुरू होतात. म्हणून काही ठिकाणी तेवढा काळ देखरेखीखाली वाट पाहतात, काही ठिकाणी लवकर कळा आणण्याचे औषध देतात. दोन्ही योग्य असू शकते, पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, घरी बसून नव्हे. निघेपर्यंत टबात बसू नये, शरीरसंबंध ठेवू नये, योनिमार्गात काहीही घालू नये. पाणी संपून ‘कोरडे बाळंतपण’ होईल या भीतीने तांब्यांमागून तांबे पाणी पिऊ नये, आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल तर मुळीच घेऊ नये, कारण त्याने जुलाब होऊन आईच्या अंगातले पाणी कमी होते. गर्भजल पूर्ण दिवसांनाही साधारण अर्धा लिटरहून अधिक असते, पाणमोट फुटली तरी बाळ लघवी करत राहते आणि नवे पाणी तयार होत राहते.

काही परिस्थितींत मात्र एक मिनिटही दवडू नये. पाणी हिरवट किंवा गडद तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केलेली असते. बाळाला त्रास होत असण्याची शक्यता तपासावी लागते आणि जन्मताच त्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावे लागते. पाण्याला दुर्गंधी असेल, अंगात ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल, थंडी वाजत असेल किंवा पोट दाबले की दुखत असेल, तर संसर्ग सुरू झाल्याची शंका असते. बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली, तर पाणी कसेही असो, जावे.

सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे पाण्याबरोबर नाळ खाली येणे. बाळाचे डोके खाली बसलेले नसते, बाळ पायाळू असते किंवा पाणी फार असते, तेव्हा हे घडू शकते. पाणी गेल्यावर योनीमार्गात किंवा बाहेर दोरीसारखे गुळगुळीत, कधी ठोके लागणारे काही जाणवले, तर ते हाताळू नये, आत ढकलू नये. बाईने लगेच गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून कंबर वर राहील अशा स्थितीत यावे, म्हणजे बाळाचे वजन नाळेवर पडत नाही, आणि घरच्यांनी १०८ ला ‘नाळ बाहेर आली आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. गाडीत नेताना डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली उशा द्याव्यात.

एक प्रसंग, टप्प्याटप्प्याने

समजा एक पहिलटकरीण आहे, ३८ आठवडे आणि ३ दिवस झालेली, बाळाचे डोके खाली, दवाखाना गाडीने ४० मिनिटांवर. सोमवारी तपासणीत डॉक्टरांनी आतून पाहिले. मंगळवारी सकाळी कपड्यावर तपकिरी डाग दिसला. आदल्या दिवशीची तपासणी हे त्याचे सरळ कारण आहे, म्हणून ती घरी राहिली. मंगळवारी संध्याकाळी चिकट पिवळसर गोळा पडला, त्यात एक तपकिरी रेघ होती. पोट अधूनमधून कडक होत होते, पण अंतर ठरावीक नव्हते आणि चालल्यावर ते थांबत होते. हा प्लग आणि खोट्या कळा. तिने वेळ लिहिली, बाळाच्या हालचाली मोजल्या, पिशवी भरून ठेवली.

गुरुवारी पहाटे दोन वाजता कूस बदलताना परकर ओला झाला. तिला वाटले लघवी झाली. ती लघवीला जाऊन आली, पांढरी घडी ठेवली, डाव्या कुशीवर पडली. अडीच वाजता उभी राहिली तेव्हा मांडीवरून कोमट ओघळ आला. घडीवर तळहाताएवढा पसरलेला डाग होता, रंग जवळजवळ नव्हता, लघवीचा वास नव्हता. एरवी इथे ‘थोडेसेच आहे, उजाडल्यावर पाहू’ असे म्हटले जाते. तिने घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत घेतली, दुसरी घडी ठेवली, आणि दवाखान्यात फोन करून एवढेच सांगितले: आठवडे किती, पहिली खेप, पाणी दोन वाजल्यापासून, रंग स्वच्छ, कळा नाहीत, बाळ हलते आहे. फोनवरच्या परिचारिकेला निर्णय घ्यायला याहून अधिक काही लागत नाही. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद आणि शेवटची सोनोग्राफी घेतली. ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यांनी १०२ किंवा १०८ ला बोलवावे. आशाताईंचा क्रमांक आधीच फोनमध्ये असावा.

दवाखान्यात आधी ताप, नाडी, रक्तदाब आणि बाळाचे ठोके पाहिले जातात. मग स्पेक्युलम नावाच्या निर्जंतुक साधनाने योनिमार्ग उघडून आत पाणी साठले आहे का ते पाहतात आणि बाईला खोकायला सांगतात. गर्भाशयमुखातून पाणी येताना दिसले तर निदान तिथेच पक्के होते. दिसले नाही तर कागदाची रंगचाचणी, काचपट्टीवर वाळवलेल्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी नक्षी, किंवा सोनोग्राफीतले पाण्याचे प्रमाण यांचा आधार घेतात. कळा सुरू नसताना बोटाने वारंवार आतून तपासणी करणे टाळायला हवे, कारण प्रत्येक तपासणीबरोबर जंतू वर जाण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘आत्ता आतून तपासण्याची गरज आहे का?’ असे शांतपणे विचारण्यात काहीही गैर नाही. या स्त्रीचे पाणी असल्याचे निश्चित झाले, तिला दाखल करून घेतले, आणि ताप व बाळाचे ठोके ठरावीक वेळाने पाहत राहिले.

तपासणीत पाणी नसल्याचे निघाले तर घरी पाठवतात. त्यानंतरही कपडा पुन्हा ओला झाला, तर ‘कालच तर दाखवले’ असा संकोच न करता परत जावे. पहिल्या वेळी न दिसलेले पाणी दुसऱ्या वेळी दिसू शकते. बाकी कशाचीही शंका नसेल आणि नुसत्या कळांवर निघायचे असेल, तर पहिलटकरणीने साधारण ५ मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक वेळी मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. दुसऱ्या खेपेला, किंवा घाट, नदी, पावसाळ्यातला रस्ता मध्ये असेल तर, अंतर १० मिनिटांवर आले की निघावे.